पालकसभेत नेमकं काय मागायचं?

पालकसभेच्या शनिवारी वर्गाबाहेर रांग असते. आत बाई एकेका पालकाला पाच-सात मिनिटं देतात, प्रगतीपुस्तकावर सही होते आणि पुढचा नंबर लागतो. बहुतेकांची काळजी ओळखीची असते: गणितात मागे आहे, लिहायचा कंटाळा करतो, मराठी वाचत नाही. पण एखाद्या आईची तक्रार अगदी उलट असते. तिच्या मुलीला सगळं येतं आणि त्यामुळेच तिला शाळा नकोशी झाली आहे. ही आई खुर्चीवर बसता बसता म्हणते, “बाई, तिला वर्गात खूप बोअर होतं. घरी ती कितीतरी पुढचं करते.” आणि संभाषण तिथेच अडकतं.

ते का अडकतं, हे बाईंच्या जागी बसून पाहिलं की कळतं. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक असायला हवा. शहरातल्या अनेक खासगी शाळांत एका तुकडीत त्याहून बरीच जास्त मुलं असतात. त्या सगळ्यांना शिकवणाऱ्या बाईंना “बोअर होतं” या दोन शब्दांत आपल्या शिकवण्यावरचा शेरा ऐकू येतो आणि “ती पुढचं करते” यात खास वागणुकीची मागणी. मग उत्तर येतं, “ठीक आहे, तिला जास्तीची गणितं देत जाईन.” किंवा “आधी अक्षर सुधारू द्या.” दोन्ही उत्तरांनी मुलीचं काहीच भलं होत नाही. सोपी पंधरा गणितं दहा मिनिटांत सोडवणाऱ्या मुलीला तशीच आणखी पंधरा दिली, तर लवकर काम संपवणं म्हणजे शिक्षा, एवढंच ती शिकते. पुढच्या वेळी ती मुद्दाम रेंगाळते.

म्हणून या भेटीत मुलीची हुशारी सिद्ध करायला जाऊच नये. “पुढच्या धड्यातलं तिला आज काय येतं” हे कागदावर दाखवावं आणि त्या एका धड्यापुरता एकच बदल मागावा. एवढं मागणं शिक्षकाच्या आवाक्यातलं असतं, आणि ते जमलं की नाही हे महिन्याभरात मोजताही येतं.

त्याआधी घरी एक गोष्ट पारखून घ्यायला हवी. “कंटाळा येतो” ही मुलांची सर्वांत सोयीची तक्रार आहे आणि तिच्या मागे अगदी वेगवेगळी कारणं असू शकतात. फळ्यावरचं नीट न दिसणारं मूलही कंटाळा आला म्हणतं, ज्याला काहीच कळत नाही तेही म्हणतं आणि मधल्या सुट्टीत कुणी खेळायला घेत नाही तेही म्हणतं. फरक ओळखायची बऱ्यापैकी खात्रीची खूण अशी की काम अवघड केल्यावर काय होतं ते पाहायचं. येत असलेल्या गोष्टींना कंटाळलेलं मूल अवघड कोडं समोर आलं की सरळ बसतं, प्रश्न विचारतं, चुकलं तर चिडून पुन्हा करतं. सोप्या बेरजेत हातचा विसरतं आणि अवघड शाब्दिक उदाहरण बरोबर सोडवतं. याउलट आवडीच्या खेळात, गोष्टीत, अवघड कोड्यातही लक्ष पाच मिनिटं टिकत नसेल, तर प्रश्न अभ्यासक्रमाच्या पातळीचा नसून दुसराच असू शकतो. तेव्हा डोळे आणि कान तपासावेत, झोप पाहावी आणि गरज वाटली तर बालविकासतज्ज्ञांना भेटावं. दोन्ही गोष्टी एकाच मुलात असणंही शक्य असतं. गणितात दोन इयत्ता पुढे असलेल्या मुलाला लिहिण्याची खरी अडचण असू शकते, आणि मग त्याची हुशारी अडचण झाकते व अडचण हुशारी झाकते.

पारख झाली की पुरावा गोळा करायचा, आणि इथे पालक हटकून प्रमाणपत्रं घेऊन जातात. ऑलिंपियाडचं पदक, स्पर्धापरीक्षेतला क्रमांक, कुठल्याशा चाचणीतला बुद्ध्यांक. यातलं काही खोटं नसतं, पण वर्गात सोमवारी काय करायचं हे त्यातून बाईंना कळत नाही. शाळेतले शंभरपैकी शंभर गुणही फारसे उपयोगाचे नाहीत. चौथीच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले, तर मुलगी चौथीच्या वरच्या टोकाला आहे की सहावीच्या मध्यावर, हे त्या आकड्यावरून समजत नाही, कारण प्रश्नपत्रिकाच तिथे संपते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी नेमकी हीच अडचण ओळखली होती. १९७१मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेजप्रवेशासाठीची सॅट ही परीक्षा द्यायला लावली. वर्गातल्या परीक्षेत सगळी सारखीच पहिल्या रांगेत दिसणारी मुलं या वरच्या परीक्षेत एकमेकांपासून खूप दूर पांगली. कुणाला थोडं पुढचं काम पुरेसं होतं आणि कुणाला पूर्ण वेगळीच वाट लागणार होती, हे तेव्हा कुठे दिसलं.

हे तत्त्व घरी वापरायला पैसे लागत नाहीत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफच्या रूपात मोफत मिळतात. वर्गात पुढे जो धडा येणार आहे, त्याच्या उदाहरणसंग्रहातली दहा गणितं मुलीला न शिकवता, मदत न करता सोडवायला द्यावीत. सोबत वरच्या इयत्तेच्या पुस्तकातल्या त्याच विषयाची चार-पाच द्यावीत. कागद जसा असेल तसा, खाडाखोडीसह ठेवावा. शिवाय पंधरा दिवस एक साधी नोंद करावी: कोणत्या वाराला, कोणत्या विषयाच्या तासानंतर तक्रार आली आणि ती नेमकी काय म्हणाली. या नोंदीतून पुष्कळदा असं निघतं की कंटाळा सगळ्या शाळेचा नसतो, गणित आणि परिसर अभ्यासापुरताच असतो, आणि चित्रकलेच्या किंवा खेळाच्या दिवशी तक्रार नसते. मग मागणीही तेवढ्यापुरतीच करता येते.

आता मागायचं काय? जोसेफ रेन्झुली आणि सॅली रीस या कनेक्टिकट विद्यापीठातल्या अभ्यासकांनी यासाठी एक पद्धत बसवून दिली. तिला करिक्युलम कॉम्पॅक्टिंग म्हणतात. धडा सुरू होण्याआधीच मुलाला त्या धड्यावरची चाचणी द्यायची. जे येतं ते वगळायचं, जे येत नाही तेवढं वर्गासोबत शिकवायचं आणि वाचलेल्या वेळात त्याच विषयातलं अधिक खोलीचं काम द्यायचं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या गटाने अमेरिकेतल्या अनेक शाळांत हे करून पाहिलं. निवडलेल्या मुलांचा साधारण चाळीस ते पन्नास टक्के अभ्यासक्रम शिक्षकांनी वगळला, तरी वर्षअखेरीच्या चाचण्यांत ती मुलं मागे पडली नाहीत. त्या प्रयोगात एक अडचणही पुढे आली आणि ती इथल्या पालकांनी आधीच समजून घ्यावी. काय वगळायचं हे ठरवणं शिक्षकांना फारसं जड गेलं नाही, पण वाचलेल्या वेळात काय द्यायचं हे ठरवताना त्यांची कुचंबणा झाली. म्हणजे रिकाम्या वेळात करायचं काम पालक सोबत घेऊन गेले, तर अर्धी वाट तिथेच चालून होते.

उदाहरण म्हणून पाचवीतली एक मुलगी आणि अपूर्णांकांचा धडा घेऊ. समजा, बाईंच्या नियोजनात या धड्याला बारा तास आहेत. मुलीने आधी सोडवलेल्या दहा गणितांत सममूल्य अपूर्णांकांची दोन, लहान-मोठेपणाची तीन, बेरजेची तीन आणि वजाबाकीची दोन गणितं होती. आठ बरोबर आली. चुकलेली दोन पाहिली तर दोन्ही भिन्नछेद अपूर्णांकांची निघाली, एक बेरजेचं आणि एक वजाबाकीचं. चूकही एकच: तिने वरचे अंश आणि खालचे छेद सरळ एकमेकांत मिळवले किंवा वजा केले. ही माहिती सोन्यासारखी आहे. सममूल्य अपूर्णांक, तुलना आणि समच्छेद बेरीज हे तास तिला नको आहेत. भिन्नछेदाचे तीन-चार तास मात्र तिला वर्गात बसूनच हवेत, आणि “तिला सगळं येतं” हे म्हणणं खरं नव्हतं, हेही आईला कळतं.

उरलेल्या आठ तासांसाठी काम असं निवडायचं की ते त्याच धड्याच्या आत राहील, पण पाठ करून सुटणार नाही. प्राचीन इजिप्तमधले लेखनिक २/३ सारखा एखादा अपवाद सोडला, तर अपूर्णांक लिहिताना वर एकच असलेले अपूर्णांक वापरत आणि त्यांची बेरीज करत. मुलीला तीन ओळी द्याव्यात: १/२ = १/३ + १/६, मग १/३ = १/४ + १/१२, मग १/४ = १/५ + १/२०. पुढची ओळ तिने लिहायची. १/५ = १/६ + १/३० हे बहुधा लवकर येतं. खरा प्रश्न त्यानंतरचा: हे प्रत्येक वेळी असंच होईल का आणि का होईल? मग ४/५ द्यायचा आणि वर एकच असलेले, पुन्हा न येणारे अपूर्णांक वापरून तो लिहायला सांगायचा. १/२ + १/४ + १/२० हे एक उत्तर आहे, पण ते शोधताना पानभर खाडाखोड होते. आणि प्रत्येक उत्तर पडताळायला छेद समान करावे लागतात, म्हणजे तिला जे येत नव्हतं तेच. दोन वह्यांची पानं, एक पेन्सिल आणि शेवटच्या बाकावरची जागा एवढ्यात हे काम होतं. बाईंना वेगळं काही शिकवावं लागत नाही.

हा सगळा मजकूर पालकसभेच्या रांगेत पाच मिनिटांत सांगता येत नाही, तेव्हा सांगूही नये. वहीत चिठ्ठी लिहून शाळा सुटल्यानंतरची पंधरा मिनिटं वेगळी मागून घ्यावीत. जून संपता संपता किंवा जुलैमध्ये भेटणं उत्तम, कारण तेव्हा बाईंची मुलांशी ओळख झालेली असते आणि प्रथम सत्राच्या परीक्षेची घाई अजून सुरू झालेली नसते. भेटीची सुरुवात सांगण्याने न करता विचारण्याने करावी. “बाई, वर्गात ती कशी असते? काम लवकर संपलं की काय करते?” बाईंनी पाहिलेलं आणि घरी दिसणारं नेहमीच जुळत नाही. घरी तक्रार करणारी मुलगी वर्गात शांत, हसरी असते किंवा घरी गप्प असणारा मुलगा वर्गात शेजाऱ्याला डिवचत असतो. हे आधी ऐकलं की पुढचं बोलणं त्यावर उभं राहतं.

त्यानंतर कागद पुढे ठेवावा. “अपूर्णांकांचा धडा पुढच्या आठवड्यात आहे ना? यातली दहा गणितं तिने घरी केली. आठ आली, भिन्नछेदाची दोन चुकली. तुम्ही तुमच्या पद्धतीने एकदा तपासून पाहाल का?” शेवटचं वाक्य गाळू नये. घरच्या कागदावर शिक्षकांनी विश्वास का ठेवावा? त्यांनी स्वतः घेतलेल्या पंधरा मिनिटांच्या चाचणीवर मात्र ते विश्वास ठेवतील. मग मागणी: “तुमच्याही चाचणीत हेच दिसलं, तर या एका धड्यापुरतं, जे तिला येतं त्या तासांना तिने हे दुसरं काम केलं तर चालेल का? धड्यानंतरची घटक चाचणी ती सगळ्यांसोबत देईल.” एक विषय, एक धडा आणि शेवटी सर्वांचीच चाचणी. यात बाईंनी गमावण्यासारखं फारसं काही नाही.

हरकती येतात, आणि त्या रास्त असतात. “एकीला दिलं तर बाकीचे पालकही मागतील” ही पहिली. त्यावर उत्तर म्हणजे तीच आधीची चाचणी. ती सगळ्या वर्गाला दिली, तर ज्या तीन-चार मुलांना धडा येत असेल ती आपोआप पुढे येतील, आणि ते काम एका मुलीचं न राहता एका गटाचं होईल. मुलीलाही सोबत मिळते, ती एकटी वेगळी पडत नाही. दुसरी हरकत नोंदींची. राज्य मंडळाच्या शाळांत पहिली ते आठवीला २०१०पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यातल्या आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, चाचणी असे प्रकार आहेतच. इजिप्तच्या अपूर्णांकांची ती पानं उपक्रम किंवा प्रकल्प म्हणून धरता येतात, त्यामुळे बाईंना रकाना शोधावा लागत नाही. मुख्याध्यापकांपर्यंत विषय गेलाच, तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०कडे बोट दाखवता येतं. विशेष रुची किंवा क्षमता असलेल्या मुलांना शिक्षकांनी पूरक साहित्य द्यावं आणि मार्गदर्शन करावं, असं त्यात म्हटलं आहे. अशा मुलांच्या शिक्षणाचं विशेष प्रशिक्षण बी.एड.मध्ये असावं, अशी सूचनाही आहे. पण धोरणाचा दाखला अगदी शेवटी काढावा. बाईंशी पहिल्याच भेटीत तो काढला, तर दार बंद होतं.

तिसरी हरकत अक्षराची आणि अर्धवट गृहपाठाची. तिला वाद घालू नये. “सोप्या गणितात ती चुका करते” हे खरंच असेल, तर मान्य करून एक अट उलट स्वतःहून घालावी: वेगळ्या कामाचं पान स्वच्छ, पायऱ्यांसह लिहिलेलं असेल तरच ते पूर्ण धरावं. अवघड काम करताना पायऱ्या लिहिण्याची गरज मुलांना स्वतःलाच पटते, सोप्यात ती पटत नाही.

शाळा पुष्कळदा चांगल्या मनाने दोन गोष्टी देऊ करते, पण त्या घेऊ नयेत. एक, “ती बाकीच्यांना शिकवेल.” आठवड्यातून एकदा हे ठीक आहे, रोजचं झालं तर तिचं शिकणं थांबतं आणि वर्गमित्रांशी नातंही बिघडतं. दुसरी, “ती ग्रंथालयात बसेल.” वाचणाऱ्या मुलीला हे दोन दिवस आवडतं, पण त्यातून गणिताचा प्रश्न सुटत नाही आणि तिला वर्गाबाहेर काढलं असंच इतर मुलांना वाटतं.

आणि एक इयत्ता सरळ वरच्या वर्गात बसवणं? हा प्रश्न दर वेळी निघतो. या बाबतीत टेरेन्स ताओ या ऑस्ट्रेलियन गणितज्ञाच्या बालपणाची नोंद अभ्यासकांनी तपशीलवार करून ठेवली आहे, आणि ती वाचण्यासारखी आहे. १९७५मध्ये ॲडलेडमध्ये जन्मलेल्या ताओला आईवडिलांनी साडेतीन वर्षांचा असतानाच शाळेत घातलं. काही आठवड्यांतच त्यांनी त्याला परत आणलं. अंकगणित येत होतं, पण इतका वेळ वर्गात बसण्याचं वय नव्हतं आणि शिक्षकांनाही असं मूल सांभाळण्याचा अनुभव नव्हता. पाचव्या वर्षी तो पुन्हा शाळेत गेला आणि या वेळी आईवडिलांनी मुख्याध्यापकांशी बसून लवचीक व्यवस्था केली. साडेसहा वर्षांचा असताना तो वेगवेगळ्या विषयांसाठी तिसरी, चौथी, सहावी आणि सातवीच्या वर्गांत बसत होता. पुढे गणितासाठी त्याला माध्यमिक शाळेत जाऊ दिलं, पण सगळं शिक्षण एकदम पुढे ढकललं नाही. पूर्ण वेळ विद्यापीठात तो चौदाव्या वर्षाच्या सुमारास गेला. गणिताच्या वेगाने पाहिलं तर याहून बरंच आधी जाऊ शकला असता. २००६मध्ये त्याला फील्ड्स पदक मिळालं.

ताओसारखी मुलं विरळच. तरी पाचवीतल्या मुलीच्या आईने त्यातून घ्यावं असं एक आहे: सगळ्या विषयांना एकच इयत्ता लावली नाही. महाराष्ट्रातल्या नेहमीच्या शाळेत पूर्ण इयत्ता ओलांडणं प्रवेशाच्या, वयाच्या आणि नोंदींच्या नियमांशी भिडतं. मुलीचा मित्रपरिवारही त्यात तुटतो. एका विषयापुरतं वरच्या वर्गात बसणं तुलनेने सोपं असतं, पण त्यासाठी दोन्ही इयत्तांचा गणिताचा तास एकाच वेळी यावा लागतो. म्हणजे ही मागणी वेळापत्रक बनण्याआधी, एप्रिल-मेमध्ये करायची, आणि हातात दोन-तीन धड्यांचा अनुभव असेल तेव्हाच करायची. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२मध्ये ज्ञानप्रबोधिनीची सुरुवात केली ती अशाच बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठी, आणि पुढे तिथे प्रशालाही उभी राहिली. अशा संस्थेचा मार्ग ज्यांना खुला आहे त्यांनी जरूर चौकशी करावी. पण बहुतेक गावांत मुलीला आहे त्याच शाळेत, त्याच बाईंकडे शिकायचं असतं.

भेट संपली की त्याच संध्याकाळी ठरलेलं चार ओळींत लिहून बाईंना कळवावं: कोणता धडा, आधीची चाचणी कधी, वेगळं काम कोणतं, पुन्हा कधी भेटायचं. मुलीलाही सांगावं, पण “बाईंना तुझं कळत नव्हतं” अशा सुरात नाही. तिला एवढंच सांगावं की आधीच्या चाचणीत जे आलं नाही, ते तिने वर्गात लक्ष देऊन करायचं आहे.

दुसऱ्या भेटीत तीन गोष्टी पाहायच्या. घटक चाचणीत भिन्नछेदाची गणितं आली का? घरच्या नोंदीत गणिताच्या तासानंतरच्या तक्रारी कमी झाल्या का? आणि वेगळ्या कामाची पानं खरंच भरली का, की तीही दोन दिवसांत संपून ती पुन्हा खिडकीबाहेर बघत बसली? शेवटचं झालं असेल तर काम अजून सोपं होतं. पहिलं झालं नसेल तर वगळणं जरा घाईचं झालं, पुढच्या धड्यात एक-दोन तास जास्त वर्गासोबत बसवावं. बाईंनी नकारच दिला असेल, तर दोन महिन्यांनी दुसऱ्या विषयाचा, दुसऱ्या धड्याचा कागद घेऊन पुन्हा जावं. तोवर घरी आठवड्यातून दोन संध्याकाळी तेच खोलीचं काम चालू ठेवावं, वरच्या इयत्तेचा धडा मात्र पुढे शिकवू नये. घरी पुढचा धडा शिकवला की पुढच्या वर्षीच्या कंटाळ्याची सोय आईवडीलच करून ठेवतात.